'हे तर सगळ्यांनाच माहीत आहे': एका परिच्छेदातली सोळा विधानं

प्रश्न: मी नागपुरात राज्यशास्त्रात पीएच.डी. करते आहे, प्रबंध मराठीत लिहिते आहे. पहिल्या प्रकरणात शहराची ओळख करून देणारा सात वाक्यांचा एक परिच्छेद आहे. गाईडनी सातही वाक्यांपुढे लाल शाईनं 'संदर्भ?' असं लिहून परत दिला. पण यातलं सगळं तर नागपुरातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे! एक मैत्रीण म्हणते, पाच ठिकाणी सापडलं की संदर्भ लागत नाही. दुसरी म्हणते, सलग चौदा शब्दांच्या आत असेल तर चालतं. नक्की कधी द्यायचा आणि कधी नाही? परिच्छेद असा:

'नागपूर ही महाराष्ट्राची उपराजधानी असून हे शहर भारताच्या भौगोलिक मध्यबिंदूवर वसलेले आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये या शहराची स्थापना केली. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर नागपूर त्याची राजधानी झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे पाच लाख अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नागपूर करारानुसार दरवर्षी हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. राजधानीचा दर्जा गेल्यामुळे शहराचा औद्योगिक विकास खुंटला.'

उत्तर:

तुमच्या परिच्छेदात वाक्यं सात आहेत, पण विधानं सोळा आहेत. गाईडनी वाक्यागणिक खूण केली आणि तुम्ही वाक्यागणिक वाद घालताय, म्हणून हे सुटत नाहीये. मी या सोळा विधानांचा हिशेब केला तर निकाल बरोबर अर्धा तुमच्या बाजूनं लागतो. आठ विधानांना काहीही लागत नाही. उरलेल्या आठांना काही ना काही लागतं, आणि त्यातली काही तर आहेत तशी ठेवताच येणार नाहीत.

चौथं वाक्य घ्या, कारण फोड सगळ्यात स्वच्छ तिथेच दिसते. दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला झाली, हे एक विधान. नागपुरात झाली, हे दुसरं. पाच लाख अनुयायांसह झाली, हे तिसरं. पहिल्या दोन विधानांना संदर्भ मागणारा परीक्षक मी तीसेक वर्षांत पाहिलेला नाही. तारखेवर वाद नाही, जागा तर दीक्षाभूमी म्हणून उभीच आहे. पण 'पाच लाख' हा आकडा तसा नाही. वेगवेगळ्या पुस्तकांत तो वेगवेगळा भेटतो. कुठे तीन लाख ऐंशी हजार, कुठे पाच लाख, कुठे सहा. हे कोणाच्या बेफिकिरीमुळे झालेलं नाही. १४ तारखेला जे पोचू शकले नाहीत त्यांनी १५ ला दीक्षा घेतली, आणि १६ ला चंद्रपूरला पुन्हा सोहळा झाला. कोणी पहिल्याच दिवसाचे लोक मोजतो, कोणी पुढचेही त्यात धरतो. तिथे शिरगणती झालेली नव्हती, त्यामुळे प्रत्येक आकडा म्हणजे कोणाचा तरी अंदाज आहे. अंदाज म्हटला की तो कोणाचा, हे सांगावंच लागतं. तेव्हा संदर्भ संपूर्ण वाक्याला जोडायचा नाही. 'पाच लाख' या दोन शब्दांना लागूनच तळटीपेचा आकडा टाकायचा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही उसनं काय घेतलंय.

आता याच घटनेभोवती आणखी दोन गोष्टी बघा, तुमच्या परिच्छेदात त्या नसल्या तरी पुढच्या प्रकरणांत येतीलच. दीक्षा कुशीनगरच्या महास्थविर चंद्रमणी यांनी दिली. आंबेडकरी चळवळीवरच्या प्रबंधात हे वाक्य संदर्भाशिवाय जाईल, कारण तो प्रबंध वाचणारा हे आधीपासून जाणून असतो. तुमचा विषय प्रादेशिक राजकारण असेल तर मी एक संदर्भ देईन. वाद होईल म्हणून नव्हे, तर तुमच्या वाचकाला ते ठाऊक असेलच असं धरता येत नाही म्हणून. म्हणजे 'सर्वज्ञात' यातला 'सर्व' म्हणजे गावातले सर्व नव्हेत. तुमच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण झालेला, पण नागपुरात कधी पाऊल न ठेवलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. तुमचा बाहेरचा परीक्षक पुण्याचा किंवा कोल्हापूरचा असण्याचीच शक्यता जास्त. त्याला 'बर्डी' म्हणजे सीताबर्डी हेही सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट, दीक्षेसाठी नागपूरच का निवडलं. हे नागपुरात पानठेल्यावरही सांगतात: नाग लोकांची भूमी म्हणून. तरीही इथे संदर्भ अनिवार्य आहे, कारण हे कोणाच्या तरी मनातलं कारण आहे आणि ज्यांच्या मनातलं होतं त्यांनी ते स्वतः बोलून दाखवलेलं आहे. १५ ऑक्टोबरच्या नागपुरातल्या भाषणात बाबासाहेबांनी या प्रश्नाचं थेट उत्तर दिलं. नाग लोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केला, म्हणून हे स्थान निवडलं असं सांगितलं, आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे आहे म्हणून निवडलं हा तर्क खोडून काढला. महाराष्ट्र शासनानं त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढले आहेत, त्यात ते भाषण मिळतं. एखाद्याचा हेतू, मत, अर्थ लावण्याची पद्धत किंवा युक्तिवाद कितीही तोंडातोंडी झाला असला, तरी तो त्या माणसाचाच राहतो. तो 'सर्वज्ञात' होऊन सार्वजनिक मालकीचा होत नाही.

आता मैत्रिणीचा पाच ठिकाणांचा नियम. हा इंग्रजी लेखन-पुस्तिकांतून आपल्याकडे आला आणि अगदीच टाकाऊ नाही. बरेच जण कोणाचंही नाव न घेता एकच गोष्ट सांगत असतील तर ती सर्वज्ञात असावी, इतकाच त्याचा अर्थ. पण त्यात 'स्वतंत्र' हा शब्द गृहीत धरलेला होता आणि तोच वाटेत गळाला. तुमच्या दुसऱ्या वाक्यातलं १७०२ हे साल शोधून बघा. पाच काय, पन्नास ठिकाणी मिळेल. मग ती पन्नास ठिकाणं आपलं साल कुठून घेतात ते बघायला लागा. पर्यटनाच्या पानावर संदर्भ नसतो. वृत्तपत्राच्या वर्धापनदिन पुरवणीत नसतो. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकात तर नसतोच. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उचललं. ही पन्नास ठिकाणं नाहीत, एकाच आवाजाचे पन्नास पडसाद आहेत.

इथे आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. आपण 'सामान्यज्ञान' म्हणतो आणि डोळ्यांपुढे एमपीएससीचा तो जाडजूड ठोकळा येतो. त्यात 'नागपूर शहराची स्थापना कोणी केली?' याला चार पर्याय आणि एक बरोबर उत्तर असतं. म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं की ठोकळ्यात आहे ते सर्वज्ञात. प्रबंधाच्या लेखी सर्वज्ञात ते, ज्यावर जाणकार हरकत घेत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांपुढे 'सामान्यज्ञान' हा शब्दच वापरत नाही, 'निर्विवाद आणि परिचित' म्हणते. दोन्ही शब्द लागू पडले पाहिजेत. निर्विवाद असूनही अपरिचित गोष्ट संदर्भ मागते, आणि परिचित असूनही वादग्रस्त गोष्ट तर त्याहून मोठ्यानं मागते.

बख्त बुलंद शाहनं शहर वसवलं, हे निर्विवाद आणि परिचित. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलं, हेही. पण '१७०२ मध्ये स्थापना केली' म्हटलं की मी विचारणार, त्या साली नेमकं काय झालं? देवगडच्या या राजानं बारा वाड्या एकत्र करून वस्ती उभी केली असं सांगतात, आणि राजधानी म्हणून देवगडहून इथे बस्तान हलवलं, कोट बांधला, ते त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाच्या काळात. मग यातली स्थापना कोणती? एका वर्षात उरकण्यासारखं हे काम दिसत नाही. तुमच्या प्रबंधाला ते साल खरंच लागणार असेल तर जिल्हा गॅझेटियर उघडा. रसेल यांनी संपादित केलेलं १९०८ चं आहे आणि राज्य शासनानं पुढे काढलेलंही आहे. दोन्हींत काय म्हटलंय ते बघून तळटीप द्या. लागणार नसेल तर 'अठराव्या शतकाच्या आरंभी' लिहा आणि पुढे चला. अचूक साल लिहिण्याचा मोह आवरला की अर्धे संदर्भ आपोआप अनावश्यक होतात. ही पळवाट नाही. तुम्हाला जेवढं सांगायचंय तेवढंच सांगताय, इतकंच.

पहिल्या वाक्यातल्या उपराजधानीला काही नको. पण 'भौगोलिक मध्यबिंदू' हे तुमच्या परिच्छेदातलं सगळ्यात घातक विधान आहे, कारण ते खरंच सगळ्यांना माहीत आहे. झिरो माइलचा खांब आणि ते चार घोडे आपण शाळेच्या सहलीत पाहिलेत. पण जरा थांबा. तो खांब इंग्रजांच्या काळातला आहे. तेव्हाच्या हिंदुस्थानात आजचा पाकिस्तान आणि बांगलादेश होता, १९३७ पर्यंत ब्रह्मदेशही होता. समजा त्या वेळी कोणी मोजून मध्य काढला असेल, तरी १९४७ नंतर सीमा बदलल्यावर तोच बिंदू मध्य कसा राहील? आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाचं नाव सांगितलं जातं. म्हणजे इथे प्रश्न 'संदर्भ द्यायचा का' हा नाहीच. संदर्भ शोधायला गेलात तर वाक्यच टिकणार नाही, हा आहे. सर्वज्ञात वाटणाऱ्या विधानाला गाईड संदर्भ मागतात ते पुष्कळदा याचसाठी, तुम्ही शोधायला जावं म्हणून. हे विधान काढून टाका. राज्यशास्त्राच्या प्रबंधाला त्याची गरज नाही.

आणि कृपा करून 'मध्यबिंदू मानला जातो' असं लिहून सुटका करून घेऊ नका. 'मानले जाते', 'म्हटले जाते', 'असा समज आहे' ही आपल्या प्रबंधांतली जुनी खोड आहे. कोण मानतं? लोकसमजूत म्हणूनच सांगायचं असेल तर 'नागपुरात अशी लोकसमजूत आहे' असं उघड म्हणा, तेही त्या समजुतीवर पुढे काही बोलणार असाल तरच.

तिसऱ्या आणि पाचव्या वाक्याला मी हात लावत नाही. १८६१ चा मध्य प्रांत, त्याची राजधानी नागपूर, १ मे १९६० चं महाराष्ट्र राज्य, हे राज्यशास्त्राच्या वाचकासाठी निर्विवाद आणि परिचित आहे. अशा वाक्यांना संदर्भ दिला तर बिघडतं का, असं विद्यार्थी विचारतात. बिघडतं. '१ मे १९६०' या तारखेला कुठल्याशा संकेतस्थळाची तळटीप दिसली की माझ्या मनात पहिला विचार येतो, या मुलीला हे माहीत नव्हतं का? दुसरा त्रास जास्त खरा आहे. पानावर बारा तळटीपा झाल्या की ज्या दोन खरोखर तपासायच्या आहेत त्या गर्दीत हरवतात.

सहाव्या वाक्यावर मात्र जरा बसायला हवं. तो तुमचा विषयच आहे आणि माझ्या अंगावर एक जुना ओरखडा त्याच वाक्यानं काढलेला आहे. माझ्या एम.फिल.च्या लघुप्रबंधात मी जवळजवळ हेच वाक्य लिहिलं होतं: 'नागपूर करारानुसार हिवाळी अधिवेशन नागपूरला होते.' संदर्भ दिला नव्हता. नागपूर कराराबद्दल नागपूरकरानं नागपुरात लिहिताना संदर्भ कसला द्यायचा! तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, ''करारात 'हिवाळी' हा शब्द कुठे आहे?'' मी करार वाचलाच नव्हता. मला तो 'माहीत' होता. पुढची दहा मिनिटं कशी गेली ते सांगत नाही.

घरी येऊन वाचला तेव्हा कळलं. २८ सप्टेंबर १९५३ च्या त्या करारातलं कलम साधारण असं आहे की शासनानं दरवर्षी ठरावीक काळासाठी नागपूरला यावं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला व्हावं. कोणतं, ते त्यात नाही. हिवाळी हा पुढे रुळलेला पायंडा आहे. आणि कलमाचा पहिला अर्धा भाग, सगळं शासनच काही काळ इथे हलवण्याचा, तो तर आपण बोलताना सोडूनच देतो. विदर्भाच्या राजकारणावर प्रबंध लिहिणाऱ्याला या दोन अर्ध्यांतला फरक हाच एक मुद्दा आहे.

तुमच्या वाक्यात याशिवाय 'दरवर्षी' आहे. २०१८ साली नागपूरला पावसाळी अधिवेशन झालं आणि हिवाळी मुंबईत. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं कोरोनाच्या काळात मुंबईतच झाली. म्हणजे 'करारानुसार' ढिलं आहे, 'दरवर्षी' चूक आहे आणि 'हिवाळी' करारात नाही. एका छोट्या वाक्यात तीन विधानं आणि तिन्हींना दुरुस्ती. ज्या विषयावर आपण प्रबंध लिहितो आहोत त्या विषयातली जी कागदपत्रं गाभ्याची आहेत, त्यांच्याबाबत 'सर्वज्ञात' ही सवलत मी विद्यार्थ्यांना देतच नाही. नागपूर करार रसायनशास्त्राच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत एका ओळीत आला तर संदर्भाविना चालेल. तुमच्या प्रबंधात तो मूळ मजकुरातून, कलमासकट यायला हवा. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेला वाचला असेल तर तसं तळटीपेत लिहा, 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' म्हणून. न वाचलेल्या मूळ कागदाचा संदर्भ देणं हे संदर्भ न देण्यापेक्षा वाईट, कारण ती थाप आहे.

सातवं वाक्य: राजधानीचा दर्जा गेला, हे निर्विवाद. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला. (दीक्षेनंतर अवघ्या अठरा दिवसांनी. तुमच्या परिच्छेदात ही तारीखच नाही, आणि शेवटचं वाक्य तिच्यावरच उभं आहे.) पण 'औद्योगिक विकास खुंटला' याला आकडे हवेत. कशाच्या तुलनेत खुंटला, कोणत्या दशकात, कारखान्यांच्या संख्येत की रोजगारात? आणि 'मुळे' हा दोन अक्षरांचा प्रत्यय तर अख्ख्या प्रबंधाचा युक्तिवाद पोटात घालून बसलाय. कापूस गिरण्यांची अवस्था, बंदरापासूनचं अंतर, राज्याची धोरणं, अशी दुसरी कारणं मांडणारे अभ्यासक उभे राहतील. दोन घटना एकामागून एक घडल्या हे निर्विवाद असू शकतं, एकीमुळे दुसरी घडली हे जवळजवळ कधीच नसतं.

म्हणून कच्चा खर्डा वाचताना मी विद्यार्थ्यांना पेन्सिल देते आणि काही मोजक्या शब्दांभोवती गोल करायला सांगते: 'मुळे', 'त्यामुळे', 'सर्वात', 'पहिला', 'बहुतांश', 'वाढले', 'घटले', 'दरवर्षी', 'नेहमी', आणि कोणताही आकडा. गोल पडला म्हणजे संदर्भ हवाच असं नाही, पण थांबायची जागा ती. तुमच्या परिच्छेदात पेन्सिल फिरवलीत तर गोल बरोबर 'पाच लाख', 'दरवर्षी', 'गेल्यामुळे' यांच्यावर पडतात. सालांवरही पडतील. त्यातली १८६१, १९५६, १९६० तपासून सोडून द्यायची आणि १७०२ ला अडायचं.

आकड्यांबद्दल एक बारीक गोष्ट. '२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २४,०५,६६५' असं लिहिलं की स्रोत वाक्यातच सांगितला, आता तळटीप कशाला, असं वाटतं. तरी द्या, आणि कोणता तक्ता ते सांगा. कारण महानगरपालिका हद्दीचा हा आकडा आहे, आणि त्याच जनगणनेत आजूबाजूची वस्ती धरून नागरी समूहाचा आकडा जवळपास २५ लाख येतो. दोन्ही 'जनगणनेनुसार'च आहेत. मोघम 'सुमारे २५ लाख वस्तीचे शहर' एवढंच म्हणायचं असेल तर कशाचीच गरज नाही.

राहिला चौदा शब्दांचा नियम. हा आकाशातून पडलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीत तो आकडा खरंच आहे. पण तिथे तो कशासाठी आहे? सॉफ्टवेअरनं प्रबंधाची जुळणी तपासताना सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगानं जुळलेले शब्द, सलग चौदापर्यंत, हिशेबातून वगळावेत यासाठी. 'महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली' हे वाक्य हजार प्रबंधांत असणार, त्यासाठी कोणाला चोर ठरवू नये, इतकाच हेतू. दहा टक्क्यांपर्यंतची जुळणी त्या नियमावलीत किरकोळ धरली आहे आणि तिला दंड नाही. तेरा शब्द उचलायला परवानगी, असा त्याचा अर्थ काढणं म्हणजे तिकीट तपासनीस डब्यात नाही म्हणून प्रवास फुकट समजणं.

सॉफ्टवेअर शब्दांची जुळणी मोजतं, ऋण मोजत नाही. एखाद्याचा युक्तिवाद तुम्ही संपूर्ण आपल्या शब्दांत लिहिलात तर जुळणी शून्य येईल आणि संदर्भाची गरज मात्र शंभर टक्के राहील. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी तर हा सापळा फारच खोल आहे. इंग्रजी गॅझेटियरमधला उतारा मराठीत उतरवला की यंत्राला सहसा काही सापडत नाही. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे तपासायला आलेल्या प्रबंधांत चोरी म्हणून जे दिसलं त्यातलं बरंचसं हेच होतं. ते लक्षात येतं भाषेवरून. मधेच मराठी वाक्य लांबतं, 'ज्याने की', 'जे की' सुरू होतं आणि जमीन महसुलाचे शब्द शंभर वर्षांपूर्वीचे होतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. माहिती सर्वज्ञात असली तरी शब्द कोणाचे तरी असतात. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली ही माहिती सगळ्यांची आहे, पण एखाद्या लेखकानं तिचं केलेलं वर्णन जसंच्या तसं घेतलंत तर अवतरणचिन्हं आणि तळटीप दोन्ही हवीत.

आता तुमचा परिच्छेद मी असा लिहीन. तळटीप जिथे येईल तिथे कंसात आकडा घालते:

'नागपूर ही महाराष्ट्राची उपराजधानी. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसवले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर नागपूर त्याची राजधानी झाली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासनाने दरवर्षी काही काळ नागपूरला यावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे व्हावे, असे ठरले होते (१). व्यवहारात हिवाळी अधिवेशन नागपूरला घेण्याचा पायंडा पडला, मात्र २०१८, २०२० आणि २०२१ या वर्षी तो पाळला गेला नाही (२).'

सात 'संदर्भ?'च्या जागी दोन तळटीपा उरल्या. पहिलीत करार, कलमासह. दुसरीत अधिवेशनांच्या तारखांसाठी विधिमंडळाचे प्रकाशित कामकाज. दीक्षेचं वाक्य मी काढलंय, पाच लाखांवर अडखळले म्हणून नव्हे. राजधानीपदाच्या या परिच्छेदात ते नुसतं येऊन उभं राहतं, पुढे कशाला जोडलं जात नाही. ते सामाजिक चळवळींच्या प्रकरणात न्या आणि तिथे आकड्याला तळटीप द्या.

औद्योगिक विकासाचं शेवटचं वाक्यही इथून उचललंय. त्याची जागा तुमच्या चौथ्या-पाचव्या प्रकरणात, तक्ते मांडून झाल्यावर. तिथे ते तुमचा निष्कर्ष म्हणून येईल, आणि स्वतःच्या निष्कर्षाला संदर्भ नसतो, पुरावा असतो. गाईडना हे दाखवताना जुना परिच्छेद आणि हा शेजारीशेजारी ठेवा. ते कदाचित १७०२ कुठे गेलं म्हणून विचारतील. तेव्हा दोन्ही गॅझेटियरांची पानं बघून ठेवलेली असू द्या.